नाम पुढे, क्रियापद मागे : 'रेकॉर्ड' या शब्दाच्या आघाताचा इतिहास

इंग्रजी उच्चाराच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक तक्ता हमखास आढळतो. डाव्या स्तंभात नामे, उजव्या स्तंभात क्रियापदे; लेखन दोन्हीकडे एकच, उच्चार मात्र वेगळा. 'रेकॉर्ड' हा त्या तक्त्याचा मानकरी शब्द. नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. (येथे व पुढे 'अक्षर' हा शब्द लिपीतील चिन्ह या अर्थाने नव्हे, तर एका श्वासझटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा या अर्थाने घ्यावा.) तक्त्याखाली नियम दिलेला असतो : नामाचा आघात पुढे, क्रियापदाचा मागे. विद्यार्थी तो पाठ करतात, आणि मग 'रिपोर्ट' या शब्दापाशी अडखळतात. तेथे नाम आणि क्रियापद दोन्हींचा आघात शेवटच्याच अक्षरावर आहे. 'सपोर्ट', 'कमांड', 'रिप्लाय', 'रिझल्ट' यांचीही तीच गत. उलट 'प्रॉमिस', 'कॉपी', 'व्हिजिट' हे दोन्ही रूपांत पहिल्याच अक्षरावर जोर घेतात. नियमाला अपवाद असतात हे खरे. पण अपवादांची संख्या नियमाच्या उदाहरणांहून मोठी झाली, तर तो नियम आहे काय, असे विचारणे भाग पडते.

आमच्या मते हा नियम नाहीच. एका दीर्घकाळ चाललेल्या आणि अजून पूर्ण न झालेल्या बदलाचे ते आजच्या तारखेचे छायाचित्र आहे. त्याचा उगम इंग्रजीहून जुना आहे आणि त्याला समांतर असे काही वैदिक भाषेतही सापडते. शिवाय या बदलाचे ठसे मराठीने आपल्या नकळत देवनागरीत उतरवून ठेवले आहेत. प्रस्तुत लेखात एवढाच धागा आम्ही धरणार आहोत.

प्रथम त्या शब्दाचे चरित्र पाहू. मुळाशी आहे लॅटिन 'कोर', म्हणजे हृदय, आणि त्याला जोडलेला 'रे' हा 'पुन्हा' या अर्थाचा उपसर्ग. पुन्हा हृदयात आणणे, म्हणजे आठवणे. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत इंग्लंडच्या न्यायालयांतून व दफ्तरांतून इंग्रजीत शिरला. आठवण ही हृदयातली गोष्ट होती, ती आता कागदावरची नोंद झाली. फ्रेंच शब्दांचा जोर शेवटाकडे असे. त्यामुळे नाम आणि क्रियापद दोन्ही रूपांत हा शब्द शेवटच्या अक्षरावर जोर घेऊनच आला.

चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा आघात आज कळतो कसा, अशी शंका कोणीही काढील. तेव्हाचा आवाज कोठेही साठवलेला नाही. साक्षीदार दोन : पद्य आणि कोश. इंग्रजी वृत्त आपल्या अक्षरगणवृत्तासारखे लघु-गुरूंवर उभे नसते. ते दुबळ्या आणि सबळ अक्षरांच्या आळीपाळीवर चालते. त्यामुळे कवीने शब्द ओळीत कोठे बसवला यावरून त्याचा आघात ताडता येतो. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतील ५५ व्या सुनीतात 'रेकॉर्ड' हे नाम असे बसले आहे की त्याचे पहिले अक्षर सबळ जागी येते. ५९ व्या सुनीतात तेच नाम दुसरे अक्षर सबळ ठेवूनच वृत्तात मावते. कवी एक, संग्रह एक, शब्दही एक, आणि आघात दोन. अर्थात वृत्ताची साक्ष निर्णायक मानता येत नाही, कारण कवी थोडी ओढाताण करतोच. परंतु कवीला अशी ओढाताण करता यावी यासाठी दोन्ही उच्चार श्रोत्यांच्या कानांत असावे लागतात. म्हणजे जुना उच्चार अजून गेला नव्हता आणि नवा येऊन बसला होता.

दुसरा साक्षीदार याहून नेटका आहे. १५७० साली पीटर लेव्हिन्स याने इंग्रजी शब्दांचा एक यमककोश प्रसिद्ध केला. शब्द त्यांच्या अंत्यध्वनीनुसार लावलेले असल्याने आघाताची नोंद त्याला करावी लागली. या कोशापासून पुढच्या कोशांची रांग तपासून डोनाल्ड शर्मन या अभ्यासकाने १९७५ साली एक निबंध लिहिला. नाम-क्रियापद आघातभेद दाखवणाऱ्या जोड्या कोणत्या कोशात प्रथम दिसतात याची ती मोजदाद आहे. १५७० मध्ये अशा जोड्या होत्या फक्त तीन : 'आउटलॉ', 'रेबेल' आणि 'रेकॉर्ड'. १५८२ मध्ये त्या आठ झाल्या, १६६० मध्ये चोवीस, १७०० मध्ये पस्तीस, १८०० मध्ये सत्तर आणि १९३४ मध्ये सुमारे दीडशे. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. बदल एका फटक्यात झाला नाही. एकेक शब्द जसा फितूर होत गेला तसा तो पसरला. आणि त्याच साच्याचे बहुसंख्य शब्द आजही त्याच्या बाहेरच आहेत. 'रिपोर्ट' हा अपवाद नव्हे. तो अजून रांगेत उभा असलेला, कदाचित कधीच आत न शिरणारा शब्द आहे. उलट 'आउटलॉ' पहिल्या तिघांतला असूनही आज बाहेर पडला आहे. त्याचे क्रियापदही आता पहिल्याच अक्षरावर आघात घेते.

पण पहिले तीन शब्द तरी या वाटेला का गेले? येथे इंग्रजीच्या मागे जावे लागते. फ्रेंच शब्द येण्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत उपसर्गाची वागणूक नामात एक आणि क्रियापदात दुसरी होती. 'आकलन' या अर्थाच्या नामात उपसर्ग 'आन्द' असा भरदार आणि सबळ उच्चारला जाई; 'आकलन करणे' या अर्थाच्या क्रियापदात तोच उपसर्ग झिजून नुसता 'ओन' उरे आणि जोर धातूवर जाई. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीत, जर्मनमध्ये, हा भेद आजही जिवंत आहे. 'उरलाउब' म्हणजे सुट्टी, आघात पहिल्या अक्षरावर. 'एरलाउबेन' म्हणजे परवानगी देणे, आघात धातूवर. सुट्टी म्हणजे मिळालेली परवानगीच. 'उर' आणि 'एर' हे एकाच उपसर्गाचे दोन चेहरे : एक जोर मिळाल्यामुळे टिकलेला, दुसरा न मिळाल्यामुळे झिजलेला.

या भेदाचे कारण वाक्यरचनेत आहे. जर्मानिक भाषांत एके काळी आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्थिर झाला. त्या वेळी उपसर्ग आणि नाम यांचा एकजीव शब्द झालेला होता. म्हणून पहिले अक्षर उपसर्गाचे ठरले. क्रियापदाजवळचा उपसर्ग मात्र अजून सुटा शब्द होता. क्रियापद त्याच्यापासून वेगळे धरले गेले आणि त्याचे पहिले अक्षर म्हणजे धातूचे अक्षर ठरले. पुढे उपसर्ग क्रियापदाला चिकटला, पण तोवर आघाताची जागा पक्की झाली होती.

संस्कृत शिकलेल्या वाचकास हे ओळखीचे वाटेल. वैदिक भाषेत मुख्य वाक्यातील उपसर्ग हा स्वतंत्र पद असतो. त्याचा स्वतःचा उदात्त असतो आणि त्याच्या व क्रियापदाच्या मध्ये इतर पदे येऊ शकतात. क्रियापद मात्र, ते वाक्याच्या किंवा पादाच्या आरंभी नसेल तर, आपला उदात्त गमावते. पाणिनीने हे अष्टाध्यायीच्या ८.१.२८ या सूत्रात सांगितले आहे. गौण वाक्यात याच्या उलट घडते : क्रियापदाला उदात्त मिळतो आणि उपसर्ग आपला स्वर गमावून त्याला चिकटतो. वैदिक स्वर हा सुराचा चढउतार होता, इंग्रजी आघात हा श्वासाचा जोर आहे. दोहोंना एक मानणे चूक होईल. 'इन्द्रशत्रु' या प्रसिद्ध कथेतला स्वरभेदही येथे उपयोगी नाही, कारण तो समासाचा भेद आहे, नाम-क्रियापदाचा नव्हे. परंतु उपसर्ग क्रियापदापासून सुटा, नामाशी मात्र जुळलेला, ही मूळची स्थिती दोन्ही शाखांना एकाच पूर्वज भाषेकडून मिळाली. 'रेकॉर्ड' या लॅटिन-फ्रेंच पाहुण्याच्या उच्चारात जो साचा आज ऐकू येतो, त्याची माती इतकी जुनी आहे.

पाहुणा मात्र या साच्यात सक्तीने कोंबला गेला नाही. आजूबाजूच्या शब्दांचा ओढा तिकडे होता. केली आणि बॉक या मानसभाषावैज्ञानिकांनी १९८८ साली इंग्रजीतल्या दोन-अक्षरी शब्दांची मोजणी केली. नामांपैकी ९४ टक्के पहिल्या अक्षरावर जोर घेणारी निघाली, तर क्रियापदांपैकी ६९ टक्के दुसऱ्या अक्षरावर. या प्रवृत्तीचे एक कारण त्यांनी वाक्याच्या लयीत शोधले. इंग्रजी उच्चाराला सबळ आणि दुबळ्या अक्षरांची आळीपाळी मानवते. नामाच्या आधी बहुधा 'अ' किंवा 'द' हे दुबळे उपपद असते. त्यानंतर लगेच सबळ अक्षर आले की लय जुळते. क्रियापदाच्या मागे 'इंग'सारखे दुबळे प्रत्यय लागतात. त्यांच्या आधी सबळ अक्षर असले तर तीच आळीपाळी साधते. म्हणजे नामाला आघात पुढे ओढावा लागतो आणि क्रियापदाला तो मागे राहू द्यावा लागतो. शब्दाचा आघात आपल्याला कोशात दिसतो खरा, पण तो घडतो वाक्यात. वैदिक उदाहरण आणि इंग्रजी उदाहरण यांना जोडणारा दुवा हाच आहे.

आता मराठीकडे येऊ. 'हा खेळ संपला' यात 'खेळ' नाम आहे, 'तू खेळ' यात क्रियापद. 'मला मार बसला' आणि 'त्याला मार', यांतही तसेच. उच्चारात काही फरक पडतो काय? पडत नाही. मराठीत बोलताना काही अक्षरांवर जोर येतो, पण त्या जोराने एका शब्दाचे दोन शब्द होत नाहीत. मराठीच्या जडणघडणीत वैदिक स्वराचा काही माग उरला आहे काय, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद झाला होता. पिशेल यांनी १९०० सालच्या प्राकृत व्याकरणात महाराष्ट्रीत तो माग दिसतो असे म्हटले. याकोबींनी त्याला विरोध केला. टर्नर यांनी १९१६ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मराठीतील मूळ इंडो-जर्मानिक आघातावर दीर्घ निबंध लिहून पिशेल यांच्या बाजूला बळ दिले. मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिणाऱ्या झ्यूल ब्लॉख यांना मात्र हे पटले नाही. तो वाद शब्दांच्या पूर्वेतिहासाचा होता. आजच्या मराठीत आघात अर्थ बदलत नाही, यावर त्याचा परिणाम होत नाही.

असे असता इंग्रजी आघात मराठी कानाला ऐकूच येत नाही, असे मात्र समजू नये. तो ऐकू येतो, पण जोर म्हणून नव्हे, स्वरवर्ण म्हणून. इंग्रजीत ज्या अक्षरावरून आघात निघून जातो त्याचा स्वर झिजतो. त्या झिजलेल्या स्वराला मराठी लेखणीने वेगळे चिन्ह दिले. 'रे' या इंग्रजी अक्षरजोडीने सुरू होणारे, आपल्या नित्य वापरातले शब्द घेऊ. रिपोर्ट, रिझल्ट, रिटर्न, रिमांड, रिझर्व्ह, रिपब्लिकन : या सर्वांत इंग्रजी आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, आणि मराठीने सर्वत्र 'रि' लिहिले. रेकॉर्ड, रेग्युलर, रेफरन्स, रेव्हेन्यू, रेस्क्यू, रेसिडेन्सी : यांत आघात पहिल्या अक्षरावर आहे, आणि मराठीने सर्वत्र 'रे' लिहिले. इंग्रजी लेखनात या दोन गटांचा आरंभ एकसारखाच आहे. म्हणजे हा भेद डोळ्याने नव्हे, कानाने टिपलेला आहे.

'को'ने सुरू होणाऱ्या शब्दांचीही हीच परीक्षा घेता येते. कॉलेज, कॉलनी, कॉलम, कॉमर्स, कॉन्व्हेंट यांत पहिले अक्षर सबळ म्हणून 'कॉ'. कलेक्टर, कमिशनर, कमिटी, कंट्रोल, कंडक्टर यांत ते दुबळे म्हणून नुसता 'क'. 'कंपनी' येथे आड येते असे वाटेल, कारण तिचा आघात पहिल्या अक्षरावर आहे. पण त्या शब्दात इंग्रजीतच 'ऑ' नाही, 'अ' आहे. खरा अपवाद 'रजिस्टर'चा : आघात पहिला असूनही मराठीने 'रे' ठेवला नाही. आणि 'कॉम्प्युटर' हा वेगळ्याच प्रकारचा अपवाद. त्याचा आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणून कानाच्या हिशेबाने 'कंप्युटर' व्हायला हवे होते. कचेरीतला कलेक्टर लोकांनी आधी ऐकला. कॉम्प्युटर बहुतेकांनी आधी वाचला. एखादा शब्द कानाने आला की डोळ्याने, हे ओळखायला ही खूण बरीच विश्वासार्ह आहे.

नागपुरासारख्या शहरात याचा एक जादा पुरावा रोज ऐकायला मिळतो. मराठी वृत्तपत्र 'रेकॉर्ड' लिहिते, हिंदी वृत्तपत्र 'रिकॉर्ड'. मराठी रूपातला स्वर इंग्रजी नामाचा आहे, हिंदी रूपातला स्वर इंग्रजी क्रियापदाशी जुळतो. यावरून हिंदीने क्रियापद उसने घेतले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण हिंदी तो शब्द नाम म्हणूनच वापरते. आणि 'कॉम्प्युटर'च्या बाबतीत पारडे उलटे आहे. हिंदीचा 'कंप्यूटर' इंग्रजी आघाताशी अधिक इमानी आहे. दोन्ही भाषांनी त्या जोडीतला एकच उच्चार ठेवला, एवढे मात्र निश्चित.

एकच का ठेवला, याचे उत्तर मराठीच्या जुन्या सवयीत आहे. मराठीला 'प्रवेश', 'उपकार', 'संग्रह' हे तत्सम शब्द हवे होते. तिने ते नाम म्हणून घेतले आणि क्रियेसाठी 'करणे' जोडले. इंग्रजी शब्दांशी ती तशीच वागली. 'गाणे रेकॉर्ड केले' यात क्रियापदाचे काम 'केले' करते. 'रेकॉर्ड' नामाच्या उच्चारातच राहतो. क्रियापदावरून साधलेल्या 'रेकॉर्डिंग' आणि 'टेपरेकॉर्डर' या शब्दांत इंग्रजी 'रि' म्हणते, मराठीने तेथेही 'रे' कायम ठेवला. 'कॉन्ट्रॅक्टर' आणि 'कंडक्टर' ही जोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. परंपरेने दोन्ही शब्दांचा इंग्रजी आघात मधल्या अक्षरावर. तरी एकाला 'कॉ', दुसऱ्याला 'क'. 'कॉन्ट्रॅक्ट' हे नाम मराठीत रुळलेले असल्याने त्याने कर्त्याच्या शब्दाला आपल्याकडे ओढले असावे. 'कंडक्टर'ला ओढून घेणारे असे नाम मराठीत नव्हते, म्हणून तो जसा ऐकला तसा राहिला. पुढे 'परीक्षा कंडक्ट करणे' आणि 'कोड ऑफ कंडक्ट' आले तेव्हा नाम आणि क्रियापद या दोहोंनाही एकच, क्रियापदाचा, स्वर मिळाला. येथे जोडी मिटली ती उलट दिशेने.

हा इतिहास वर्गात उपयोगी पडतो तो असा. आमच्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेली मुले मुलाखतीला जातात, 'आय विल रेकॉर्ड इट' म्हणतात, आणि समोरचा मंद हसतो. हे हसू त्या मुलांना वर्षानुवर्षे आठवत राहते. त्यांना वाटते की आपल्या कानात दोष आहे. दोष कानात नाही. त्यांच्या भाषेने या शब्दाचे दोन चेहरे कानाने ऐकले आणि त्यांतला एक, आपल्या व्याकरणाला पुरेल एवढा, निवडला. वाक्यातील जागेवरून अर्थ कळतोच, त्यामुळे गैरसमज सहसा होत नाही. तरीही उच्चार सुधारायचा असेल, तर 'दुसऱ्या अक्षरावर जोर द्या' या सूचनेने फारसे साधत नाही. विद्यार्थी आवाज चढवतो, पण 'रे' भरदारच ठेवतो, आणि परिणाम अधिकच विचित्र होतो. त्याला 'रिपोर्ट'मधला 'रि' आठवायला सांगावे आणि तोच 'कॉर्ड'पुढे लावायला सांगावे. तो 'रि' त्याच्या तोंडात आहे. आघात त्याच्यामागून आपोआप येतो. तसेच नियम पाठ करून 'रिपोर्ट' या नामाचा जोर पुढे ओढणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे की येथे त्याचा जुना कान बरोबर होता, नवा नियम नव्हे.

आणि ज्या इंग्रजीच्या मापाने हे हसू येते, ती इंग्रजी तरी या बाबतीत कोठे स्थिर आहे? 'रिसर्च' या नामाचा आघात ब्रिटनमध्ये पूर्वी दुसऱ्या अक्षरावर होता. आता तो अनेकांच्या तोंडी पहिल्यावर सरकला आहे. 'ॲड्रेस' या नामाचा आघात अमेरिकेत अनेक जण पहिल्या अक्षरावर देतात, ब्रिटनमध्ये तो दुसऱ्यावर टिकून आहे. १५७० मध्ये तिघांनी धरलेल्या वाटेवर शब्द अजून निघतच आहेत.